इअरफोन लावून कराओके गाताना आवाज मागे का पडतो?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यापासून गेली दोन वर्षं घरी फोनवर कराओके ट्रॅक लावून गाते. भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी. लहानपणी पाच वर्षं गाणं शिकले आहे, त्यामुळे सुरा-तालाची समज अगदीच नाही असं नाही. दिवाळीत मुलीने बिनवायरीचे बड्स दिले आणि तेव्हापासून एक गोष्ट छळते आहे.

गाताना मला सगळं बरोबर वाटतं. ठेका कानात स्पष्ट असतो, सम बरोबर येते. पण रेकॉर्डिंग ऐकलं की माझा आवाज तबल्याच्या मागून येतो. एखाद्या ओळीत नाही, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. आमचे हे म्हणतात, "तू रेंगाळतेस." मला ते पटत नाही, पण ऐकलं की तसंच वाटतं खरं.

मग अ‍ॅपमध्ये "स्वतःचा आवाज ऐका" असं बटण सापडलं. ते चालू केल्यावर तर गाताच येईना. मी "सा" म्हणायचा आणि तो विहिरीतून परत आल्यासारखा नंतर कानात पडायचा. दुसऱ्या ओळीला जीभ अडखळली. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

माझी लय बिघडली आहे की दोष बड्सचा आहे? आणि गाताना स्वतःचा आवाज ऐकावा तरी कसा?

चिवडा_लाडू
वायरवाले घ्या. दोनशे रुपयांत प्रश्न मिटेल.

ठेका_दादरा
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी तबला शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा गाणाऱ्यांपैकी सात जण ठेक्याच्या मागे असतात आणि त्यांना ते गाताना कळत नाही. ट्रॅक ऐकून मग शब्द उच्चारायची सवय लागते आणि लय मागे जाते. ठेका आतून चालला पाहिजे. महिनाभर हाताने टाळी-खाली देत गा, ट्रॅक न लावता. उपकरणं नंतर बघू.

कोल्हापुरी_गडी
बड्समध्ये गेमिंग मोड असतो बघा. तो चालू केला की उशीर राहतच नाही. मी त्याच्यावरच गातो, काही अडचण नाही.

साउंडवाला_पुणे
गोदाकाठ ताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे: "पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत". माणसाची लय गेली की आवाज कुठे मागे, कुठे पुढे असतो; तान आली की घाई होते, लांब सूर आला की ढिलाई. सगळं गाणं एकसारखं मागे असेल तर ते यंत्राचं काम समजा. मी वीस वर्षं ऑर्केस्ट्राला साउंड देतो, हल्ली घरी रेकॉर्डिंगही करतो.

तुम्हाला दोन वेगळे त्रास आहेत आणि ते एकच समजले की गोंधळ होतो.

पहिला: ट्रॅक फोनमधून निघून बड्समध्ये पोचायलाच उशीर होतो. ब्लूटूथवर आवाज छोट्या गठ्ठ्यांत बांधून पाठवतात. एखादा गठ्ठा वाटेत हरवला तर खंड पडू नये म्हणून बड्स थोडा साठा करून मग वाजवतात. साध्या बड्समध्ये हा उशीर १५० ते २५० मिलिसेकंद सहज असतो. तुम्ही कानात पडणाऱ्या ठेक्यावर अगदी चोख गाता, पण फोनच्या हिशेबात तो ठेका केव्हाच वाजून गेलेला असतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदात ६८ मीटर. तबलजी मैदानाच्या त्या टोकाला बसलाय, तुम्ही या टोकाला त्याच्या ठेक्यावर गाताय आणि रेकॉर्डिंगचा एक माइक तबलजीच्या मांडीजवळ, दुसरा तुमच्या तोंडाशी आहे असं समजा. तुमचा काय दोष?

दुसरा: स्वतःचा आवाज कानात उशिरा येणं. तुमचा सूर माइकमधून फोनमध्ये, तिथून अ‍ॅपमध्ये, तिथून ब्लूटूथने कानात. स्वतःचं बोलणं साधारण २०० मिलिसेकंद उशिराने कानात घातलं की चांगल्या बोलणाऱ्याचीही जीभ अडखळते. १९५० पासून हे माहीत आहे. तुम्हाला झालं ते अगदी अपेक्षित होतं, घाबरू नका.

पहिला त्रास नंतर दुरुस्त करता येतो. दुसरा नाही, कारण तो गातानाच होतो. म्हणून बिनवायरीच्या बड्सवर ते "स्वतःचा आवाज" बटण बंदच ठेवायचं.

साउंडवाला_पुणे
@कोल्हापुरी_गडी, गेमिंग मोडने उशीर कमी होतो हे खरं, पण संपत नाही. समजा ६० वर आला. ट्रॅक ऐकून गायला तो चालून जातो, म्हणून तुम्हाला अडचण आली नसेल. स्वतःचा आवाज त्यातून ऐकून बघा, मग सांगा.

कोल्हापुरी_गडी
बटण चालू करून बघितलं. खरंय राव. एक ओळ म्हटली आणि काढून ठेवले.

झिम्मा
माझाही हाच त्रास! सोसायटीच्या हॉलमध्ये माइक हातात घेऊन स्पीकरच्या पुढे गेलं की कर्कश शिट्टी वाजते. हा पण उशिराचाच प्रकार का?

साउंडवाला_पुणे
नाही ताई, ते वेगळं. स्पीकरमधून आलेला आवाज माइक पुन्हा उचलतो आणि तोच फिरत वाढत राहतो. स्पीकर तुमच्या पुढे ठेवा, तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहा आणि माइकची जाळी मुठीत धरू नका.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. साउंडवाला दादा, मैदानाचं उदाहरण वाचून यांनाही वाचायला दिलं. ते म्हणाले, "मोजून दाखव." तर मोजायचं कसं?

साउंडवाला_पुणे
सोपं आहे. घड्याळासारखी टकटक किंवा नुसत्या ठेक्याचा ट्रॅक घ्या, मध्ये मोकळी जागा असेल असा. तो अ‍ॅपमध्ये लावा आणि रेकॉर्ड सुरू करा. पण गायचं नाही. एक बड कानातून काढून फोनच्या माइकच्या भोकाला टेकवून धरा. बडमधून येणारी टकटक माइक उचलेल. आता रेकॉर्डिंग ऐकलं की प्रत्येक ठोका दोनदा येईल, एक ट्रॅकचा, एक बडमधून आलेला. दोन्हींतलं अंतर म्हणजे तुमचा आवाज नेमका किती मागे पडतो ते. कानाने नाही कळलं तर फाइल कॉम्प्युटरवर Audacity मध्ये उघडा, लाटांमधलं अंतर दिसतं.

एक खबरदारी. काही फोन बडमधून आलेला आवाज "प्रतिध्वनी" समजून पुसून टाकतात. दुसरा ठोका आलाच नाही तर बड कानात घाला, ठेक्यावर दहा टाळ्या वाजवा आणि सरासरी काढा. पण बड माइकला टेकवायचा प्रयोग जास्त भरवशाचा, कारण माणसाची टाळी बहुधा ठोक्याच्या किंचित आधी पडते.

ठेका_दादरा
टाळी आधी पडते? शिकवलेल्याची पडत नाही.

साउंडवाला_पुणे
गुरुजी, शिकलेल्यांची कमी पडते, पण पडते. दहावीस मिलिसेकंदांची गोष्ट आहे, कानाला कळत नाही.

ठेका_दादरा
मी स्वतः करून बघेन.

न्यूजर्सीकर
विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. बहीण पुण्यात, मी इथे. येत्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला व्हिडिओ कॉलवर युगुलगीत गायचं आहे. चार वेळा प्रयत्न केला. ती म्हणते मी उशिरा गातो, मी म्हणतो ती उशिरा गाते. दोघांनी वायरवाले इअरफोन घेतले, तरी तेच.

साउंडवाला_पुणे
तुम्ही दोघंही खरं बोलताय. इथून तिथे साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाशही सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो, म्हणजे सरळ रेषेत तार असती तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून जास्त लागले असते. प्रत्यक्षात रस्ता वाकडा, शिवाय कॉलचा स्वतःचा साठा. जाऊन परत यायला पाव-अर्धा सेकंद सहज. इअरफोन बदलून पृथ्वी लहान होत नाही. बहिणीला ट्रॅकवर तिच्या ओळी रेकॉर्ड करून पाठवू द्या. कार्यक्रमात तो ट्रॅक लावून तुमच्या ओळी तुम्ही समोर गा. मंडळाला फरक कळणार नाही, आणि तुम्हाला तिचा आवाज शेजारी मिळेल.

न्यूजर्सीकर
चार शनिवार भांडलो आम्ही यावरून. तिला हे आत्ताच पाठवतो.

तंबोरा
गोदाकाठ ताईंचा शेवटचा प्रश्न राहूनच गेला: स्वतःचा आवाज ऐकावा कसा. मी शास्त्रीय गाते, रियाज तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर करते. माझा अनुभव असा की दोन्ही कान बंद करून गायलं की सूर फसतो.

रबरी बोंडाचे इअरफोन दोन्ही कानांत घट्ट बसवून नुसतं "आ" म्हणून बघा. आवाज हंडीत तोंड घालून काढल्यासारखा घुमतो. आपला आवाज आपल्याला हवेतून जसा येतो तसा हाडांतूनही येतो. कान मोकळा असताना हाडांतून आलेला खर्जाचा भाग कानाबाहेर निघून जातो, बोंड बसवलं की आत कोंडतो. मग खर्ज जास्त ऐकू येतो, वरची धार जाते आणि आपण नेमके किती सुरात आहोत ते समजेनासं होतं. त्यातून ट्रॅक मोठा ठेवला तर आपण नकळत ओरडून गातो. माझा तर पंचम हटकून उतरतो.

उपाय जुनाच आहे. एक कान मोकळा. ट्रॅक एका कानात आणि तोही कमी आवाजात, आपला सूर दुसऱ्या कानाने खोलीतून. खोलीतून येणाऱ्या आवाजाला उशीर नाही. शाहीर आणि कीर्तनकार कानावर पंजा ठेवून गातात ते बघितलंय ना? गर्दीत आपला आवाज आपल्याकडे वळवायचा असतो.

सुतार_पक्षी
तंबोरा ताईंशी अर्धा सहमत. एक कान मोकळा ठेवला की ट्रॅक दुसऱ्या कानातून बाहेर झिरपतो, आणि माइक जवळ असेल तर तो रेकॉर्डिंगमध्ये येतो. शिवाय शेजारी मिक्सर चालू असेल तर मोकळ्या कानात तोही.

मी दोन्ही कान झाकणारे वायरवाले हेडफोन आणि छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी, वापरतो. त्यावर एक खटका असतो, तो दाबला की माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता सरळ हेडफोनमध्ये येतो. वाटेत थांबाच नाही, म्हणून उशीर नाही. सहा महिने मात्र मी वेड्यासारखा गायलो, कारण खटकाही चालू होता आणि सॉफ्टवेअरमधूनही स्वतःचा आवाज येत होता. दोन आवाज दहा-बारा मिलिसेकंदांच्या फरकाने एकावर एक. प्रतिध्वनी म्हणून ऐकूच येत नव्हता, नुसता आवाज पत्र्याच्या डब्यातला, पोकळ. मला वाटलं माइक खराब. नवा माइक घेतला, तरी तेच. शेवटी सॉफ्टवेअरमधला बंद केल्यावर आवाज भरला.

तंबोरा
घुमण्याचं काय? झाकणारे हेडफोन म्हणजेही कान बंदच.

सुतार_पक्षी
रबरी बोंडापेक्षा खूप कमी घुमतं, पण घुमतं. मी डावी वाटी अर्धी कानामागे सरकवतो.

तंबोरा
म्हणजे एक कान मोकळाच की!

सुतार_पक्षी
अर्धा :)

चिवडा_लाडू
पण नक्की किती मिलिसेकंद चालतात? वायरवाल्या इअरफोनवर "स्वतःचा आवाज" बटण चालू करायचं की नाही?

साउंडवाला_पुणे
फोनगणिक वेगळं. वायरवाल्यातही फोनच्या आत उशीर असतोच. काही फोनवर १०-१५ मध्ये काम होतं, काहींवर ५० च्या वर. माझ्या अनुभवात १० च्या आत बहुतेकांना जाणवत नाही. १५-२० ला गाणाऱ्याला आवाज "विचित्र" वाटतो, पण का ते सांगता येत नाही. ३० च्या पुढे लय ओढली जाते. गिटारवाला यापेक्षा जास्त सोसतो, कारण त्याला गिटार हाडांतून ऐकू येत नाही. गाणाऱ्याच्या डोक्यात खरा सूर आधीच वाजलेला असतो. तरी हे माणसागणिक बदलतं. ८ मिलिसेकंदांना तक्रार करणारी गायिका मी बघितली आहे आणि ४० वर मजेत गाणाराही.

गोदाकाठ
मोजलं! सविस्तर लिहिते.

रविवारी भाचा आला होता. त्याला घेऊन बसले. बड फोनच्या खालच्या भोकाला टेकवला आणि ठेका रेकॉर्ड केला. ऐकलं तर खरोखर प्रत्येक ठोका "टक-टक". Audacity मध्ये अंतर निघालं २३० मिलिसेकंद. मग भाच्याचे वायरवाले इअरफोन लावून तोच प्रयोग केला, ४५. मी गात होते ते गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं आहे, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. त्यात २३० म्हणजे पाव मात्रेपेक्षा बरंच जास्त. हे म्हणाले, "बरं, बड रेंगाळतो." माझ्यासाठी एवढं पुरे होतं.

मग अ‍ॅपमधली आवाज सरकवायची पट्टी शोधली. आवाज मागे आहे तर पुढे घ्यायचा, म्हणून २३० पुढे सरकवला. ऐकते तर अजून वाईट! आता मी अर्धा सेकंद मागे.

साउंडवाला_पुणे
उलट बाजूला सरकवली. २३० चे ४६० झाले. हा घोळ सगळ्यांचा होतो, कारण मराठीत "पुढे" म्हणजे आधी की नंतर हे बोलण्यावर ठरतं. धावणारा पुढे असतो तेव्हा तो आधी पोचतो, पण मीटिंग पुढे ढकलली की ती नंतर होते. अ‍ॅपच्या पट्टीचं काय मनात आहे ते कळत नाही. शब्द सोडा आणि कानाने ठरवा: ५० ने सरकवा, ऐका. दोन ठोके जवळ येत असतील तर दिशा बरोबर.

आणि हा आकडा कायमचा समजू नका. बड्स बंद करून पुन्हा जोडले की वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. त्या दिवशी गाणं जपून ठेवायचं असेल तर आधी एकदा टकटक मोजा.

गोदाकाठ
दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि ठोके एकात एक मिसळले. मग गाणं लावलं. "सम" असा शब्द मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा उच्चारला असेल, पण रेकॉर्डिंगमध्ये माझी सम तबल्याच्या धा वर पडलेली ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

एक शंका. मधेच ट्रॅक अचानक जुन्या टेलिफोनवर वाजल्यासारखा बारीक आणि बोदा होतो. तो का?

साउंडवाला_पुणे
अ‍ॅपने बड्समधला माइक उचलला असणार. बडचा माइक चालू झाला की साधारणपणे ब्लूटूथ फोन कॉलच्या पद्धतीवर जातं, आणि ती पद्धत बोलण्यापुरतीच आहे. गाण्याची वरची धार तिच्यातून जात नाही. तुमचा आवाजही तसाच बोदा रेकॉर्ड झाला असेल. सेटिंगमध्ये फोनचा माइक निवडा.

झिम्मा
आता माझा खरा प्रश्न. सोसायटीत आम्ही ट्रॅक फोनवरून ब्लूटूथनेच मोठ्या स्पीकरवर लावतो आणि माइक त्याच स्पीकरला वायरने. तिथे कुणीच मागे पडत नाही. मग २०० मिलिसेकंद गेले कुठे?

साउंडवाला_पुणे
फार छान प्रश्न. कुठे गेले नाहीत, तिथेच आहेत. पण तुम्ही ज्या स्पीकरमधून ट्रॅक ऐकता त्याच स्पीकरमधून लोक ऐकतात, आणि तुमचा माइक वायरने सरळ त्यात जातो. ट्रॅक उशिरा निघाला तर सगळ्यांसाठीच उशिरा निघाला. उशीर वाईट नसतो, दोघांना वेगवेगळा उशीर झाला की वाईट. फक्त फोनवर शब्द रंगत जातात ते थोडे आधी रंगताना दिसतील. त्यांच्यावर डोळे ठेवून गायलात तर घाई होते.

झिम्मा
होतेच! आमचे एक काका नेहमी ओळ आधी सुरू करतात. ते फोनजवळ उभे राहून वाचून गातात. आता कळलं.

ठेका_दादरा
टाळीचा प्रयोग केला. मुलाने मोजून दिला. वायरवाल्या इअरफोनवर, उशीर वजा करून, माझ्या दहापैकी आठ टाळ्या ठोक्याच्या आधी पडल्या, सरासरी १२ मिलिसेकंद. साउंडवाला, तुमचं बरोबर होतं. ताई, तुमची लय न ऐकता मी निदान सांगितलं, ती चूक झाली. दुरुस्त केलेलं रेकॉर्डिंग पाठवलंत तर मनापासून ऐकेन.

गोदाकाठ
गुरुजी, व्यक्तिगत निरोपात पाठवलं आहे. मोकळेपणाने सांगा.

ठेका_दादरा
ऐकलं. ध्रुवपद चोख. पहिल्या अंतऱ्यात दुसऱ्या ओळीचा लांब सूर सोडताना तुम्ही खरोखर मागे राहता, आणि पुढचा शब्द घाईने गाठता. दोन्ही अंतऱ्यांत त्याच जागी. ते बड्सचं नाही. तिथे श्वास अर्धी मात्रा आधी घ्या.

गोदाकाठ
काल वायरवाला इअरफोन फक्त उजव्या कानात घालून, डावा कान मोकळा ठेवून, "स्वतःचा आवाज" बंद करून गायले. श्वास आधी घेतला. पहिल्या अंतऱ्यात जमलं, दुसऱ्यात अजून नाही. तंबोरा ताई, मोकळा कान डावा ठेवावा की उजवा, याने काही फरक पडतो का? मला डाव्याने माझा सूर जास्त स्पष्ट येतो असं वाटतं.

तंबोरा
मलाही डाव्यानेच. पण माझ्या बाई उजवा मोकळा ठेवत. उद्या दोन्ही बाजूंनी तोच पंचम लावून बघते आणि इथे लिहिते.